सहा क्यूबिट, सत्तावीस क्यूबिट आणि एकच आकडा

२०२० सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने आपला क्वांटम संगणक ग्राहकांसाठी खुला केला. त्यात क्यूबिट होते ६. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, आयबीएमने आपल्या ‘माँट्रियल’ या यंत्राची कामगिरी जाहीर केली. त्यात क्यूबिट होते २७. नुसते क्यूबिट मोजले तर आयबीएमचे यंत्र चौपटीहून मोठे. पण दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलेला क्वांटम व्हॉल्यूम एकच होता: ६४. पुढच्या वर्षाच्या अखेरीस आयबीएमने १२७ क्यूबिटची ‘ईगल’ चिप आणली. ती बसवलेल्या ‘वॉशिंग्टन’ या यंत्राच्या नावापुढेही क्वांटम व्हॉल्यूम ६४ असाच लागला.

६, २७ आणि १२७ क्यूबिटच्या तीन यंत्रांना एकच गुण कसे मिळतात, हे समजले की क्वांटम संगणकांच्या निम्म्याअधिक बातम्या वेगळ्या नजरेने वाचता येतात. त्या बातम्यांच्या मथळ्यात जवळजवळ नेहमी क्यूबिटची संख्याच असते.

साधा बिट ० किंवा १ असतो. क्यूबिट या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि अनेक क्यूबिट एकमेकांत गुंतवले की त्यांची अवस्था सगळ्यांची मिळून एकच होते. अशा गुंतलेल्या समूहात एक क्यूबिट वाढला की शक्य अवस्थांची संख्या दुप्पट होते. ‘क्यूबिट वाढले म्हणजे ताकद वाढली’ ही समजूत इथूनच येते. ती चूक नाही, पण तिला एक अट आहे: ते क्यूबिट खरोखर एकमेकांत गुंतवता आले पाहिजेत, आणि हिशेब संपेपर्यंत ती अवस्था टिकली पाहिजे.

अडचण टिकण्याची आहे. क्वांटम संगणकात आकडेमोड ‘गेट’ नावाच्या छोट्या छोट्या क्रियांनी होते. एका क्यूबिटवरचे गेट बऱ्यापैकी अचूक चालते. दोन क्यूबिटना गुंतवणारे गेट मात्र नाजूक असते. २०२० च्या सुमाराच्या अतिवाहक यंत्रांत अशा शंभर गेटमागे साधारण एक चूक होई. शंभरात एक म्हणजे फार नाही असे वाटते, पण उपयोगी हिशेबाला अशी गेट शेकड्यांनी आणि हजारांनी लागतात. वाटेत एक चूक झाली तरी सगळ्यांची मिळून असलेली अवस्था बिघडते आणि शेवटी हाती येणारे उत्तर भरवशाचे राहत नाही.

मग यंत्राची खरी कुवत मोजायची कशी? आयबीएमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये क्वांटम व्हॉल्यूमची कल्पना मांडली. अँड्र्यू क्रॉस, लेव्ह बिशप, जे गॅम्बेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दोन वर्षांत तिला आजच्या चाचणीचे रूप दिले. मला या चाचणीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वाटते ते हे की ती यंत्राचे सुटे भाग तपासत नाही. क्यूबिट किती, त्यांची जोडणी कशी, गेट किती अचूक, उत्तर वाचताना किती घोळ होतो, आज्ञावली किती हुशारीने बसवली आहे, या सगळ्याचा एकत्रित परिणाम तिच्यात उतरतो.

चाचणी चौरस असते. सहा क्यूबिटची चाचणी असेल तर क्रियांचे थरही सहाच. प्रत्येक थरात आधी क्यूबिटांची यादृच्छिक फेरजुळणी करायची, म्हणजे कोणाची जोडी कोणाशी हे दर वेळी नव्याने ठरते. मग प्रत्येक जोडीवर एक यादृच्छिक क्रिया चालवायची. असे सहा थर झाले की सगळे क्यूबिट वाचायचे. सहा क्यूबिटमधून ० आणि १ यांच्या ६४ वेगवेगळ्या माळा निघू शकतात. निर्दोष यंत्रातही या ६४ उत्तरांची शक्यता सारखी नसते, काही वारंवार येतात, काही क्वचितच. प्रत्येक उत्तराची शक्यता साध्या संगणकावर आधीच काढून ठेवतात आणि जास्त शक्यतेची ३२ उत्तरे ‘वजनदार’ म्हणून बाजूला काढतात.

आता तेच सर्किट क्वांटम यंत्रावर शेकडो-हजारो वेळा चालवायचे आणि वजनदार उत्तर किती वेळा आले ते मोजायचे. यंत्र निर्दोष असेल तर ते सुमारे ८४.७ टक्के वेळा येते. यंत्र पुरते बिघडलेले असेल, नुसते छापा-काटा करत असेल, तर ५० टक्के वेळा, कारण निम्मी उत्तरे वजनदारच आहेत. उत्तीर्ण होण्याची रेषा दोन तृतीयांशावर, म्हणजे ६६.७ टक्क्यांवर ठेवली आहे. एखाद्या सर्किटवर नशिबाने जमून जाऊ नये म्हणून अशी किमान शंभर वेगवेगळी सर्किटे चालवावी लागतात, आणि सरासरी रेषेच्या वर आहे हे संख्याशास्त्रीयदृष्ट्या सुमारे ९७.७ टक्के खात्रीने दाखवावे लागते. यंत्र जितक्या मोठ्या चौरसात उत्तीर्ण होईल, तितक्या वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला की क्वांटम व्हॉल्यूम मिळतो. सहाचा चौरस जमला तर २ चा सहावा घात, म्हणजे ६४.

चुका साचतात कशा, हे एका ढोबळ हिशेबाने पाहू. सहाच्या चौरसात प्रत्येक थरात तीन जोड्या आणि थर सहा, म्हणजे १८ क्रिया. अशी एक यादृच्छिक क्रिया घडवायला दोन क्यूबिटांची मूळ गेट तीन लागतात, म्हणजे एकूण ५४ गेट. प्रत्येक गेट ९९ टक्के अचूक धरले, तर पूर्ण सर्किट एकही चूक न होता पार पडण्याची शक्यता ०.९९ चा ५४ वा घात, म्हणजे सुमारे ५८ टक्के. चूक झालेल्या फेऱ्या छापा-काट्यासारख्या धरल्या, तर वजनदार उत्तरांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास येते. यंत्र उत्तीर्ण. सातच्या चौरसात गेट ६३ होतात आणि प्रमाण ६८ टक्क्यांवर येते, म्हणजे काठावर. आठच्या चौरसात गेट ९६ होतात, बिनचूक फेऱ्या ३८ टक्क्यांवर घसरतात आणि वजनदार उत्तरे ६३ टक्के. यंत्र नापास.

या हिशेबात यंत्रात एकूण क्यूबिट किती आहेत हा आकडा कुठेच आला नाही. शंभरात एक चूक करणाऱ्या गेटची, कोणताही क्यूबिट कोणाशीही जोडता येणारी यंत्रे घेतली, तर दहा क्यूबिटचे यंत्र सातच्या चौरसाशी अडते आणि हजार क्यूबिटचेही तिथेच अडते. हजार क्यूबिट एकदम वापरायचे म्हटले तर पहिल्याच थरात ५०० जोड्या आणि १,५०० गेट लागतील. एवढा एकच थर बिनचूक पार पडण्याची शक्यता साधारण ३५ लाख फेऱ्यांत एकदा. घर विकत घेताना आपण सुपर बिल्ट-अप ऐकतो, पण विचारतो कार्पेट एरिया. क्यूबिटची संख्या आणि क्वांटम व्हॉल्यूम यांत तसेच नाते आहे.

वरच्या हिशेबात मी कोणताही क्यूबिट कोणाशीही जोडता येतो असे धरले. हनीवेलच्या यंत्रात ते जवळपास खरे होते. तिथे क्यूबिट म्हणजे यटरबियमचे एकेक आयन. विद्युतक्षेत्राने निर्वातात तरंगत ठेवलेले हे आयन चिपवर प्रत्यक्ष इकडून तिकडे नेता येतात. ज्या दोघांची जोडी जमवायची त्यांना शेजारी आणायचे, क्रिया करायची आणि पुन्हा हलवायचे. आयबीएमच्या चिपवर क्यूबिट म्हणजे अतिवाहक धातूची सर्किटे, आणि ती जागची हलत नाहीत. त्यांच्या जाळीत एका क्यूबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी असतात. दूरच्या दोघांची गाठ घालायची तर मधल्या क्यूबिटांमधून अवस्थांची अदलाबदल करत जावे लागते, आणि अशा प्रत्येक अदलाबदलीला तीन जादा गेट खर्च होतात. समजा या येरझाऱ्यांनी गेटची संख्या दुप्पट झाली. मग सहाच्या चौरसाला ५४ ऐवजी १०८ गेट लागतात आणि शंभरात एक चूक करणारे यंत्र पाचच्या चौरसावर, म्हणजे ३२ वर थांबते. सहाचा चौरस जमवायचा तर प्रत्येक गेटची चूक ०.७ टक्क्यांच्या आत आणावी लागते.

आयबीएमने २०२० मध्ये मेहनत घेतली ती याच कामावर. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या २८ क्यूबिटच्या ‘रॅले’ यंत्राने ३२ गाठले होते. ऑगस्टमधल्या माँट्रियलमध्ये एक क्यूबिट कमीच होता, तरी आकडा दुप्पट झाला. दोन क्यूबिटांची गेट अधिक वेगवान केली, निष्क्रिय बसलेल्या क्यूबिटांची अवस्था विरू नये म्हणून त्यांना अधूनमधून स्पंदने दिली, उत्तर वाचण्याची पद्धत सुधारली आणि अदलाबदली कमी लागतील अशी सर्किटांची मांडणी केली. चाचणीसाठी २७ पैकी सहाच क्यूबिट निवडून घेतले. क्यूबिट वाढवणे एवढीच प्रगती मानणाऱ्याला या कामात सांगण्यासारखे काही दिसणार नाही, पण मला त्या वर्षातले खरे काम हेच वाटते.

इथे क्वांटम व्हॉल्यूमचीही एक मर्यादा दिसते. ६४ हा आकडा दोन यंत्रांचा सारखा असला तरी अर्थ सारखा नव्हता. हनीवेलच्या यंत्रात क्यूबिटच सहा होते, त्यामुळे गेट कितीही अचूक असली तरी ६४ च्या पुढे जाता येणारच नव्हते. ते छताला टेकले होते. आयबीएमकडे क्यूबिट पडून होते, पण चुका पुढे जाऊ देत नव्हत्या. एकाला क्यूबिट हवे होते, दुसऱ्याला अचूकता. हा फरक पुढे लगेच दिसला. हनीवेलचे १० क्यूबिटचे यंत्र ऑक्टोबर २०२० मध्ये १२८ वर होते, ते २०२१ च्या जुलैत १,०२४ वर गेले, म्हणजे दहा क्यूबिटच्या छताला टेकले. उलट वॉशिंग्टन यंत्रात १२७ क्यूबिट असूनही आकडा ६४ च राहिला. म्हणून क्वांटम व्हॉल्यूम वाचताना शेजारी क्यूबिटची संख्याही ठेवावी लागते. दोन्ही एकत्र पाहिले की यंत्र कुठे अडले आहे ते कळते.

दुसरी काळजी घ्यायची ती मोठ्या आकड्यांची. हनीवेलचा हा विभाग २०२१ मध्ये क्वांटिन्यूम या कंपनीचा भाग झाला. तिच्या ५६ क्यूबिटच्या ‘एच-२’ यंत्राचा क्वांटम व्हॉल्यूम २०२५ च्या मे महिन्यात ८३,८८,६०८ होता आणि सप्टेंबरात ३,३५,५४,४३२ झाला. चार महिन्यांत चौपट, असे कोणीही वाचेल. प्रत्यक्षात यंत्र २३ च्या चौरसावरून २५ च्या चौरसावर गेले. हे सोपे नाही, प्रत्येक पायरीला क्रिया बऱ्याच वाढतात. पण यंत्र चौपट उपयोगी झाले असा त्याचा अर्थ नाही. मी हे आकडे नेहमी घातांकात बदलून वाचते. घातांक हाच चौरसाचा आकार, आणि खरी माहिती त्यातच आहे. वरचाच ढोबळ हिशेब पुढे नेला तर असे दिसते की गेटची चूक दहापट कमी केली, म्हणजे शंभरातून हजारात एकवर आणली, तर चौरसाची बाजू सातावरून साधारण एकवीसवर जाते, तिप्पट होते. गेटची संख्या बाजूच्या वर्गाने वाढते हे त्याचे कारण. पण कागदावरचा आकडा १२८ वरून वीस लाखांच्या पुढे उडी घेतो.

तिसरी गोष्ट: आकडा मोजलेला आहे की अपेक्षित, हे विचारावे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयनक्यू कंपनीने ३२ क्यूबिटचे यंत्र जाहीर करताना ‘अपेक्षित’ क्वांटम व्हॉल्यूम ४० लाखांहून अधिक असल्याचे सांगितले होते. म्हणजे तो चाचणीत उत्तीर्ण होऊन मिळालेला आकडा नव्हता. मोजलेला आकडाही कोणी मोजला याला महत्त्व असते. लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पाच कंपन्यांची २४ यंत्रे बाहेरच्या ग्राहकाप्रमाणे वापरून हीच चाचणी घेतली. कोणते क्यूबिट निवडले आणि सर्किट कसे बसवले यावर निकाल बराच अवलंबून असतो, आणि जाहीर झालेला आकडा साध्या वापरकर्त्याच्या हाती सहज लागत नाही, असे त्यांना आढळले.

शिवाय या चाचणीत वेळ मोजलेलाच नाही. अतिवाहक यंत्राचे गेट सेकंदाच्या काही कोट्यांशात उरकते. आयन हलवणे, थंड करणे आणि मग क्रिया करणे याला त्याच्या हजारो पट वेळ लागू शकतो. ज्या हिशेबाला लाखो फेऱ्या लागतात तिथे हा फरक निर्णायक ठरतो. म्हणूनच आयबीएमने २०२१ मध्ये वेगासाठी वेगळे मोजमाप सुचवले. आणि काही यंत्रांना ही चाचणी लागूच पडत नाही. डी-वेव्हच्या यंत्रात पाच हजारांहून जास्त क्यूबिट असतात, पण ते गेट चालवत नाही. ते इष्टतम मांडणी शोधण्याच्या ठरावीक प्रकारच्या प्रश्नांसाठी बनवलेले आहे. त्याचे पाच हजार आणि आयबीएमचे १२७ एका ओळीत मांडून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

भारतासाठी हा प्रश्न आता जवळचा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्यूबिटचे संगणक बनवायचे, असे त्याचे उद्दिष्ट संख्येत सांगितले आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी टीसीएसच्या साथीने अतिवाहक सर्किटांवर आधारलेल्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. परदेशातल्या शेकडो क्यूबिटांच्या शेजारी सहा हा आकडा किरकोळ दिसतो. पण सहाही क्यूबिट एकमेकांत नीट गुंतवून सहाचा चौरस पार करता येणे ही काय पातळी आहे, हे २०२० च्या यंत्रांवरून दिसतेच. अशा प्रत्येक घोषणेसोबत दोन क्यूबिटांच्या गेटची चूक किती, ती सर्व जोड्यांची सरासरी आहे की सर्वोत्तम जोडीची, आणि किती मोठा चौरस जमला, हे प्रसिद्ध व्हावे असे मला मनापासून वाटते. आठ वर्षांनी हजार क्यूबिटची चिप झाली पण चुकांचा दर तिथेच राहिला, तर उद्दिष्ट कागदावर पूर्ण होईल आणि हिशेब मात्र सातच्या चौरसापुढे सरकणार नाही.

आयबीएमलाही ही अडचण ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी १,१२१ क्यूबिटची ‘काँडर’ चिप दाखवली, त्याच दिवशी १३३ क्यूबिटची ‘हेरॉन’ही. काँडरची कामगिरी आधीच्या ४३३ क्यूबिटच्या चिपच्या जवळपासचीच होती. ग्राहकांच्या कामासाठी आणि पुढच्या यंत्रांचा पाया म्हणून कंपनीने हेरॉनलाच पुढे केले, कारण तिच्यात चुका खूप कमी होत्या.

क्वांटम व्हॉल्यूमचा टप्पाही आता संपत आला आहे. वजनदार उत्तरे कोणती हे आधी साध्या संगणकावर काढावे लागते, आणि क्यूबिट पन्नाशीच्या आसपास गेले की ते काम महासंगणकालाही जड होते. उत्तरपत्रिका तपासणाराच उरत नाही. म्हणून लांबलचक साखळीतल्या सगळ्या जोड्यांवर एकाच वेळी गेट चालवून दर गेटमागची चूक काढायची, अशी मोजमापे पुढे आली आहेत.

आणि पुढची घोडदौड ‘तार्किक’ क्यूबिटांची आहे. अनेक भौतिक क्यूबिट मिळून एक क्यूबिट सांभाळतात आणि चुका सापडतील तशा दुरुस्त करतात. गुगलच्या २०२४ मधल्या ‘विलो’ गटाने यासाठी १०५ क्यूबिटच्या चिपमधले १०१ क्यूबिट वापरले आणि एकच तार्किक क्यूबिट जपून ठेवला. संरक्षक जाळी एकेक पायरीने मोठी केली तेव्हा दर पायरीला चूक निम्म्याहून थोडी कमी होत गेली. भौतिक गेटची चूक ठरावीक मर्यादेच्या आत होती म्हणूनच हे घडले. या पद्धतीत ती मर्यादा साधारण शंभरात एकच्या आसपास येते. गेट त्याहून वाईट असती, तर जाळीत घातलेल्या प्रत्येक जादा क्यूबिटने नव्या चुका आणल्या असत्या आणि मोठी जाळी लहान जाळीपेक्षा लवकर बिघडली असती.